हनुवटी बदलली की गळ्यावरची सावलीही बदलते
(नागपुरातील छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, महाल भागातील एका कुटुंबाने आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी समूहचित्र काढून घेतले. सगळ्यांचे चेहरे ज्या चित्रात उत्तम आले होते, नेमके त्यातच आजोबांचे डोळे मिटलेले होते. पाच मिनिटांनंतरच्या दुसऱ्या चित्रात आजोबा प्रसन्न दिसत होते, म्हणून त्यातला चेहरा पहिल्या चित्रात बसवायचे ठरले. माणूस तोच, सभागृह तेच, छत्री लावलेला फ्लॅशही जागचा हललेला नव्हता. तरीही चेहरा बसवल्यावर आजोबांच्या मुलीने चित्राकडे पाहून म्हटले, "बाबांची मान अवघडल्यासारखी का दिसते?" आज मी केवळ या एका मानेविषयी बोलणार आहे.

पहिल्या चित्रात आजोबांची मान किंचित खाली होती, तर दुसऱ्यात त्यांनी हनुवटी वर उचललेली होती. मी चेहरा जबड्याच्या रेषेवर कापला आणि गळा मूळ चित्रातलाच ठेवला. गळ्यावरची सावली हे हनुवटीचे काम असते. हनुवटी नवी आणली, पण गळ्यावर सावली जुन्या हनुवटीचीच राहिली. दुसऱ्या चित्रातला गळाही सोबत घेऊन सदऱ्याच्या गळपट्टीवर कापणे शक्य असते, तर मी तेच केले असते, आणि तुम्हालाही पहिला सल्ला तोच देईन. येथे मात्र दुसऱ्या चित्रात आजोबांच्या गळ्याभोवती सत्काराची शाल होती.

सावलीची खालची कड कुठे पडेल, हे प्रकाशाच्या उंचीवरून आणि हनुवटी गळ्याच्या किती पुढे आहे यावरून ठरते. प्रकाश ४५ अंशांवरून येत असेल, तर हनुवटी जितकी पुढे, तितकीच सावली हनुवटीच्या खाली उतरते. आपल्या नागपुरात २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य साधारण एवढ्याच उंचीवर असतो. मे महिन्याच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो आणि हनुवटीची सावली गळा ओलांडून छातीपर्यंत पोहोचते. आमची छत्रीही सुमारे ४५ अंशांवर होती. जुनी हनुवटी गळ्याच्या ५ सेंमी पुढे होती. नवी २ सेंमी वर गेली आणि १ सेंमी आणखी पुढे आली. म्हणजे सावलीची कड उचलण्यामुळे २ सेंमी वर चढायला हवी आणि पुढे येण्यामुळे १ सेंमी खाली यायला हवी. एकूण १ सेंमी वर. त्या चित्रात १ सेंमी म्हणजे २० पिक्सेल होते. एवढाच पट्टा गळ्यावर विनाकारण काळा राहिला होता, आणि मुलीच्या नजरेने तोच टिपला होता.

म्हणून नवी सावली काढण्याआधी जुनी उतरवावी लागते, आणि जुनी उतरवण्याआधी तिच्याकडून रंग मागून घ्यावा लागतो. ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. मी फोटोशॉपमध्ये जुन्या सावलीच्या कडेजवळ, पण धूसर पट्टा टाळून, उजेडातल्या त्वचेचा आणि सावलीतल्या त्वचेचा नमुना घेतला. उजेडात लाल २०५, हिरवा १६०, निळा १३० होता. सावलीत लाल १२०, हिरवा ७८, निळा ५८. प्रत्येक रंगात सावलीच्या आकड्याला उजेडाच्या आकड्याने भागून २५५ने गुणले की १४९, १२४, ११४ हा रंग मिळतो. हा तपकिरी रंग मल्टिप्लाय पद्धतीच्या थरावर भरला, की उजेडातली त्वचा जवळजवळ नेमकी त्या सभागृहातल्या सावलीच्या रंगाची होते. याऐवजी काळा ब्रश ४५ टक्क्यांवर फिरवला असता, तर ११३, ८८, ७२ मिळाले असते. काळोख साधारण तेवढाच, पण त्वचेतली लाली ओसरते आणि गळ्याला राख फासल्यासारखी दिसते. सावलीत त्वचेचा लाल भाग प्रमाणाने सर्वांत कमी घटतो, हे या दोन नमुन्यांतच दिसते.

याच रंगाचा दुसरा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. तोच रंग डिव्हाइड पद्धतीच्या थरावर घेतला, की गणित उलटे चालते आणि सावलीतली त्वचा उजेडाच्या रंगावर परत येते. सुरकुत्या आणि दाढीचे खुंटही जागेवर राहतात. थराचा मास्क जुन्या सावलीच्या आकाराचा आणि तिच्याइतकाच धूसर कडेचा हवा. तो कमी धूसर असला, तर कडेवर एक उजळ आणि एक काळपट रेघ उमटते, आणि त्यावरूनच चूक ओळखता येते. मर्यादाही सांगतो. सावली दुप्पट उजळली, की तिच्यातले कण आणि जेपेगचे चौकटी डागही दुप्पट ठळक होतात. त्यामुळे शक्यतो रॉ फाइलवरून १६ बिटमध्ये काम करावे. तरीही त्वचा खडबडीत दिसली, तर तेवढ्या भागावर गळ्याचीच उजेडातली त्वचा आणून बसवावी.

आता नव्या सावलीची कड. छत्री ९० सेंमी रुंद होती आणि आजोबांपासून ३.६ मीटरवर, म्हणजे रुंदीच्या चौपट अंतरावर होती. हनुवटीवरून निसटलेला किरण गळ्यापर्यंत सुमारे ८.५ सेंमी चालतो. त्याचा चौथा भाग, म्हणजे साधारण २ सेंमी किंवा ४० पिक्सेल, एवढ्या पट्ट्यात सावली हळूहळू विरते. मास्कवर गॉशियन ब्लर १२ पिक्सेलपासून सुरू केला, तर ही रुंदी जुळते. याच जागी थेट ऊन असते, तर विरण्याचा पट्टा एक मिलिमीटरही भरला नसता. पण सगळी कड एकसारखी नसते. कानाखाली जबडा गळ्याला जवळजवळ टेकतो, तिथे किरणाला चालायला अंतरच नसते, म्हणून सावली तिथे धारदार आणि अधिक गडद असते. मी त्यासाठी ३ पिक्सेल ब्लरचा दुसरा अरुंद थर घेतला आणि तो हनुवटीच्या मध्याकडे येता येता पुसत नेला. डोके गळ्यावर टेकले आहे, ही जाणीव मुख्यतः हाच अरुंद थर देतो, असा माझा अनुभव आहे.

जबड्याची खालची बाजू नव्या चेहऱ्यासोबत आली होती आणि तिच्यावर शालीचा तांबूस परावर्तित उजेड होता. मूळ चित्रात मात्र पांढरा सदरा होता. तिथे तांबूसपणा कमी करून किंचित उजेड वाढवावा लागला.

शेवटी मी दोन गोष्टी तपासल्या. चित्राच्या वर एक तीव्र कर्व्ह ठेवून पाहिले, तेव्हा गळ्यावर कुठेही दुसरी कड दिसली नाही. मग नाकाची सावली पाहिली. छत्री चित्राच्या डाव्या बाजूला असल्याने ती उजवीकडे झुकली होती आणि गळ्यावरची नवी सावलीही तिकडेच झुकत होती. नाक आणि गळा जर दोन वेगवेगळ्या दिशा सांगत असतील, तर गळ्यावर कितीही मेहनत घेतली तरी डोके बसत नाही. अशा वेळी मी दुसरा चेहरा शोधतो, आणि तो नसेल तर मिटलेल्या डोळ्यांचे मूळ चित्रच कुटुंबाला देतो.