पहिला डोसा तव्याला का चिकटतो?

नमस्कार मंडळी! इंदूरच्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत लोखंडी तवा एकच असतो. सकाळी त्यावर पोळ्या, संध्याकाळी डोसे. पहिला डोसा चिकटतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

हा तवा जवळून बघा. मधोमध करडा, कोरडा डाग दिसतोय ना? पोळीला लावलेलं कोरडं पीठ इथे जळून बसलंय, आणि रोजच्या कोरड्या आचेने तव्यावरचा तेलाचा थरही गेलाय. अशा उघड्या लोखंडाला डोशाचं ओलं पीठ घट्ट धरून बसतं.

म्हणून आधी तवा घासून धुवा, कोरडा करा आणि मध्यम आचेवर पाचेक मिनिटं तापवा. आच मोठी केली तर मधला भाग तापतो, कडा गारच राहतात. आता अर्धा चमचा तेल, आणि काट्याला टोचलेल्या अर्ध्या कांद्याने ते सगळीकडे घासायचं. हलका धूर आला की गॅस बंद. तवा थोडा निवला की पुन्हा एकदा हेच करा. नॉनस्टिक तव्यावर मात्र हे अजिबात करू नका, तो धूर येईपर्यंत तापवायचा नसतो.

आता डोसा का फाटतो, ते बघू. तवा परत तापवून पाणी शिंपडा. थेंबांच्या गोळ्या होऊन त्या तव्यावर पळाल्या, तर तवा फार तापलाय. यावर पीठ पडताक्षणी खालचा थर शिजतो, आणि पळी फिरवली की तोच ओढला जाऊन फाटतो. थेंब नुसते बसून राहिले तर तवा गार आहे. पीठ सुंदर पसरेल, पण चिकटेल. थेंब चर्र करून दोन-तीन सेकंदांत उडून गेले की झालं. ओल्या फडक्याने पुसा आणि गॅस मंद करा. तेलाची फक्त चमक राहायला हवी. तेल जास्त असलं की पीठ घसरतं आणि पळीमागे गोळा होतं.

पळीभर पीठ मधोमध ओता आणि लगेच मधून बाहेर, गोल गोल. पळी पिठावर तरंगली पाहिजे, तव्याला टेकली नाही पाहिजे. मध्ये बारीक भोकं राहिली तर राहू द्या, पळी मागे नेऊ नका.

पीठ फ्रिजमधलं असेल तर तासभर आधी बाहेर काढा, आपल्याकडच्या डिसेंबरात तर नक्कीच. गार पीठ घट्ट वाटतं म्हणून आपण पाणी घालतो, आणि त्याच पिठाचा गारवा गेला की ते फार पातळ होतं.

आता गॅस वाढवा, कडेने तेल सोडा. कडा स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. आणि प्रत्येक डोशाआधी पाणी शिंपडून पुसायचं, कारण तवा तापतच जातो. पहिला नीट निघाला आणि तिसरा फाटला, तर पिठाला दोष देऊ नका, गॅस कमी करा.