एका पानाचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. पीएचडी संपत आली की पोस्टडॉकसाठी पत्रं लिहायची वेळ येते. पत्र एका पानाचं हवं. अक्षरं बारीक करून एका पानात कोंबलेलं नव्हे, खरोखर एका पानाचं.

माझ्या ओळखीच्या एका संशोधिकेनं मला तिचा मसुदा दाखवला. विषय जिवाणूंचा. अँपिसिलिन दिल्यावरही काही पेशी वाचतात, त्या कोणत्या? पण पत्राची सुरुवात होती, ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करणं हे माझं स्वप्न आहे.’ मग लहानपणापासूनची विज्ञानाची ओढ. शोध कुठे, तर चौथ्या परिच्छेदात, तोही अर्ध्या वाक्यात! हे स्वप्नांचं प्रकरण मला अजिबात सोसत नाही. परिषदांतल्या आभाराच्या भाषणांतही हाच प्रकार चालतो, पण ते असो.

मी विचारलं, ‘तुला सापडलं काय?’ ती पटकन म्हणाली, ‘वाचणाऱ्या बहुतेक पेशी औषध येण्याआधीच मंदावलेल्या असतात, हे आधीपासून माहीत होतं. मला काही पेशी चांगल्या वाढत असतानाही वाचलेल्या दिसल्या.’ म्हटलं, हेच पहिलं वाक्य.

मग पद्धत. मसुद्यात होतं, ‘मला मायक्रोफ्लुइडिक्स आणि प्रतिमा-विश्लेषण येतं.’ मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे अतिशय बारीक खाचांतून द्रव खेळवायचं तंत्र. पण येतं म्हणजे काय येतं? तिची चिप पीडीएमएसची, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराची. तिनं लिहिलं, ‘पीडीएमएसची चिप मी स्वतः ओतून बनवली. तिच्या अरुंद खाचांत एकेक पेशी औषधाच्या आधी आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. चित्रांतल्या पेशी वेगळ्या करणारा कोड सहकाऱ्याचा. मी तो माझ्या चित्रांसाठी बदलला.’ सहकाऱ्याचं श्रेय लिहायला ती कचरत होती. पण मुलाखतीत कोडवर दोन प्रश्न आले की खरं कळतंच.

आता जुळणी. इथे बहुतेक जण त्या प्रयोगशाळेची स्तुती करतात. स्तुती नको, जोड दाखवा. पुन्हा सांगतो, जोड दाखवा. त्या प्रयोगशाळेत जिवंत पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं रेणू-चलन, चमकणाऱ्या सेन्सरनं मोजत. तिनं लिहिलं, ‘कोणती पेशी वाचते ते मला दिसतं, का वाचते ते दिसत नाही. तुमचा सेन्सर माझ्या चिपमधल्या पेशींत घातला, तर वाढत असूनही वाचणाऱ्या पेशींचं एटीपी आधीच कमी असतं का, हे तपासता येईल.’ आणि लगेच पुढे, ‘अशा पेशी विरळा असतात, म्हणून खूप खाचा एकाच वेळी पाहाव्या लागतील.’ स्वतःच्या कल्पनेतली अडचण स्वतःच सांगितली, हे मला फार आवडलं.

हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला पाठवून चाललं नसतं. आपल्या पत्रातलं जुळणीचं वाक्य असंच तपासा: वरचं नाव बदलूनही ते चालत असेल, तर ते खोडा.

शेवटी दोन ओळी: प्रबंध कधी सादर होणार, कधीपासून रुजू होता येईल आणि शिफारस कोण देणार. बायोडेटा वेगळा जोडायचा, पत्रात उतरवायचा नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं उत्तर आलं. त्यात पहिलाच प्रश्न होता, ‘चिप तुम्ही स्वतः ओतता म्हणता, तर खाचांची रुंदी किती ठेवता?’