एकच क्रमचय, छत्तीस रीतींनी लिहिलेला

फळ्यावर हा क्रमचय पाहा:

σ = (१ २ ३)(४ ५ ६)(७ ८)

१ ते ८ या अंकांवरचा हा क्रमचय आहे, म्हणजे S₈ या सममित गटातला. पहिल्या कंसात १ जातो २ वर, २ जातो ३ वर आणि ३ परत १ वर येतो. बाकीचे कंसही असेच वाचायचे. आजचा प्रश्न असा की S₈ मधले किती क्रमचय τ असे आहेत, की आधी σ मग τ केलं काय किंवा आधी τ मग σ केलं काय, उत्तर एकच येतं? अशा सगळ्या τ मिळून जो उपगट होतो त्याला σ चा सेंट्रलायझर म्हणतात.

S₈ मध्ये ४०,३२० क्रमचय आहेत. एकेक तपासत बसलो तर संगणक ते चुटकीसरशी करून देईल. पण S₂₀ घेतला की क्रमचयांची संख्या १९ अंकी होते, तिथे हा मार्ग संपला. आणि खरं सांगायचं तर तपासण्याची गरजच नाही, कारण उत्तर कंसांच्या लांबीतच दडलेलं आहे.

अट जरा वेगळी मांडू. τσ = στ म्हणणं आणि τστ⁻¹ = σ म्हणणं एकच. आता τστ⁻¹ करतो काय? τ(१) हा अंक घ्या. τ⁻¹ त्याला १ वर नेतो, σ त्या १ ला २ वर नेतो, τ त्या २ ला τ(२) वर नेतो. म्हणजे σ मध्ये १ नंतर २ येत होता, तसा इथे τ(१) नंतर τ(२) येतो. थोडक्यात, σ चे कंस जसेच्या तसे ठेवायचे आणि आतल्या प्रत्येक अंकाच्या जागी τ ने दिलेला अंक लिहायचा, की τστ⁻¹ तयार. नुसती नावं बदलली, साचा तोच राहिला.

इथेच सगळी गंमत आहे. τ हा σ शी जुळतो, याचा अर्थ नावं बदलल्यावरही तोच क्रमचय उरतो. म्हणून वरच्या ओळीत σ लिहा. खालच्या ओळीत त्याच साच्यात, म्हणजे तीन, तीन, दोन अशा कंसांत, σ च पुन्हा लिहा, पण हवं तर वेगळ्या पद्धतीने. वरचा अंक खालच्या अंकावर गेला असं वाचलं की एक τ मिळते. खालची ओळ जितक्या रीतींनी लिहिता येईल तितके τ, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही.

मग मोजू या. (१ २ ३) हाच कंस (२ ३ १) किंवा (३ १ २) असाही लिहिता येतो. चक्र तेच, फक्त सुरुवात वेगळी. अशा ३ रीती. दुसऱ्या कंसाच्याही ३, आणि (७ ८) च्या २. शिवाय तीन लांबीचे दोन कंस आपापसांत जागा बदलू शकतात, त्याच्या आणखी २ रीती. (७ ८) ला मात्र बदलीला जोडीदार नाही. एकूण ३ × ३ × २ × २ = ३६.

इथे हमखास होणारी एक चूक सांगतो. कंसात तीन अंक आहेत म्हणून त्यांच्या ३! मांडण्या मोजायच्या, असं अनेकांना वाटतं. पण (१ ३ २) हे वेगळंच चक्र आहे, (१ २ ३) च्या उलट फिरणारं. फक्त फिरवणं चालतं, विस्कटणं चालत नाही. दोन लांबीच्या कंसात २ आणि २! सारखेच असल्यामुळे ही चूक लहान उदाहरणांत लपून राहते आणि तीन लांबीच्या कंसापाशी उघडी पडते.

(१ ४) ही नुसती अदलाबदल σ शी जुळते का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. खालची ओळ लिहून बघा: (४ २ ३)(१ ५ ६)(७ ८). हा σ नाही, म्हणून जुळत नाही. कंस बदलायचा तर अख्खा बदलायला हवा, त्याच क्रमाने: (१ ४)(२ ५)(३ ६). याची खालची ओळ (४ ५ ६)(१ २ ३)(७ ८) येते, ती σ च आहे.

आता अदलाबदल आणि फिरवणं एकत्र करू. खालची ओळ (४ ५ ६)(२ ३ १)(७ ८) घ्या. वरून खाली वाचलं तर १→४, ४→२, २→५, ५→३, ३→६, ६→१, आणि ७, ८ जागच्या जागी. म्हणजे τ = (१ ४ २ ५ ३ ६). सहा लांबीचं हे चक्र σ कडे नुसतं पाहून सुचलं नसतं. याचा वर्ग करा, (१ २ ३)(४ ५ ६) मिळतो. σ ची लांबी-प्रकृती तीन, तीन, दोन अशी असूनही त्याच्या सेंट्रलायझरमध्ये सहाचं चक्र असतं, ते असं. σ चे स्वतःचे घात फक्त ६ आहेत, त्यामुळे ‘घात जुळतात, बाकी कोण जुळणार’ हा अंदाज इथे सहापटीने चुकतो.

सर्वसाधारण सूत्र आता वेगळं सिद्ध करावं लागत नाही. k लांबीची चक्रं mₖ असतील, तर ती फिरवण्याच्या k च्या mₖ व्या घाताइतक्या रीती आणि त्यांची आपापसांत बदली करण्याच्या mₖ! रीती. प्रत्येक k साठी हा गुणाकार करायचा आणि सगळे गुणाकार एकमेकांशी गुणायचे. यात एक लांबीची चक्रंही धरायची, आणि सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथेच, कारण ती आपण लिहीतच नाही. हाच σ S₁₀ मध्ये घेतला तर ९ आणि १० न लिहिलेले दोन कंस होतात. त्यांच्या २! रीतींमुळे उत्तर ३६ चं ७२ होतं. म्हणून ‘या क्रमचयाचा सेंट्रलायझर किती’ हा प्रश्न n सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

मोजणी बरोबर आहे का, हे पाहण्याची एक सोय आहे. n! ला सेंट्रलायझरच्या आकाराने भागलं की त्याच साच्याचे एकूण क्रमचय मिळतात. आपल्या σ साठी ४०,३२० ÷ ३६ = १,१२०. S₄ मध्ये सगळे साचे तपासायचे तर सेंट्रलायझर २४, ४, ८, ३ आणि ४ येतात. २४ ला यांनी भागून १, ६, ३, ८, ६ मिळतात, आणि त्यांची बेरीज २४ च. कुठे mₖ! विसरला असाल तर ही बेरीज लगेच फसते. दोन दोनाच्या कंसांच्या साच्यात ८ ऐवजी ४ धरले, तर ३ च्या जागी ६ येतील आणि बेरीज २७ होईल.

शेवटी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. σ मधून (७ ८) काढून टाका. S₈ मध्येच (१ २ ३)(४ ५ ६) हा क्रमचय उरतो, ७ आणि ८ स्थिर. मोजणी: ३² × २! × १² × २! = ३६. पुन्हा तोच आकडा. नुसता आकडा जुळला म्हणून उपगट एकच असं म्हणता येत नाही. पण इथे σ⁴ करून बघा. तीनचे कंस जसेच्या तसे राहतात आणि (७ ८) नाहीसा होतो. म्हणजे हा नवा क्रमचय σ⁴ च आहे, आणि σ शी जुळणारा प्रत्येक τ σ⁴ शीही जुळणारच. पहिला सेंट्रलायझर दुसऱ्याच्या आत बसतो आणि दोघांत घटक ३६ च आहेत. तेव्हा दोन्ही उपगट घटकागणिक एकच.