पानावरचा आकडा भाषांतरात कसा लिहायचा?

मंडळी, आज एकाच पानाबद्दल बोलू. लहान मुलांच्या पातळ औषधासोबत मिळते तशी एक इंग्रजी माहितीपत्रिका आहे असं समजा. कुणीतरी फोनवर तिचा फोटो काढलाय आणि तिचं अरबी भाषांतर हवंय. मजकूर झाला, आकडे राहिले. वयाच्या रकान्यात 6-12 आहे, मात्रेच्या रकान्यात 2.5 मिली आहे आणि तळाला बॅच क्रमांक 17-4 आहे. हे आकडे इंग्रजीच ठेवायचे, की अरबी लिपीत आणायचे?

भाषा अरबी म्हणून आकडेही अरबी, असं चटकन वाटतं. पण मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात अरबी मजकुरातही इंग्रजी आकडेच छापतात. इजिप्तमध्ये किंवा इराकमध्ये चार हा आकडा ٤ असा दिसेल. इराणमध्ये लिपी जवळपास तीच, पण चार लिहितात ۴ असा. चार, पाच आणि सहा या तीन आकड्यांची वळणं अरबी आणि फारसीत वेगळी आहेत. बाकीचे सात दिसायला सारखेच. संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र दहाच्या दहा वेगळे आहेत. अरबी आकडे U+0660 पासून सुरू होतात, फारसी U+06F0 पासून. म्हणजे अरबी पानावर चुकून फारसी दोन पडला तर डोळ्याला पत्ता लागत नाही, पण वाचकानं त्याच्या कीबोर्डवरून तो आकडा शोधला तर तो सापडेलच असं नाही. उर्दूचे आकडे याच फारसी गटातले, तरी पाकिस्तानात रोजच्या छपाईत इंग्रजी आकडे सर्रास चालतात. तेव्हा वाचक कुठल्या देशातला, हे आधी विचारायचं. आपला वाचक इजिप्तमधला आहे असं धरू.

आता मात्रा बघा. या पानावरचा सगळ्यात धोक्याचा आकडा तोच आहे. बरेच लोक काय करतात, तर 0 ते 9 च्या जागी अरबी आकडे घालणारी एक बदलायादी चालवतात आणि मोकळे होतात. यादीत दहा आकडे असतात, टिंब नसतं. त्यामुळे 2.5 चं होतं ٢.٥ असं. यात चुकीचं काय? अरबी शून्य हेच मुळी एक टिंब आहे: ٠ असं. ते ओळीच्या जरा मध्यावर असतं आणि इंग्रजी दशांशचिन्ह तळाशी, एवढाच काय तो फरक. बारीक अक्षरात, घाईत, रात्री औषध देताना तो फरक किती टिकेल? अडीच मिलीचे दोनशे पाच दिसू शकतात. दोनशे पाच मिली कुणी पाजणार नाही, हे खरं. पण 1.05 सारख्या आकड्यात टिंब आणि शून्य शेजारी शेजारी येतात, आणि तिथे आईबापांनी काय समजायचं? अरबीला स्वतःचं दशांशचिन्ह आहे, U+066B, खाली झुकलेल्या स्वल्पविरामासारखं. बरोबर रूप ٢٫٥ असं आहे. आकडे बदलायचे तर चिन्हही बदलायचं. अर्धवट बदललेला आकडा न बदललेल्या आकड्यापेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे.

एवढ्यावर मात्रेचा प्रश्न सुटत नाही. औषध मोजायच्या सिरिंजवर खुणा कुठल्या आकड्यांत आहेत? खोक्यातल्या सिरिंजवर इंग्रजी आकडे असतील, तर ती हातात धरलेल्या माणसाला भाषांतरातला आकडा तिच्यावर शोधायचा असतो. अशा वेळी मी वाचकाचा आकडा लिहून शेजारी कंसात पानावरचा इंग्रजी आकडाही ठेवते. जागा थोडी जास्त लागते, लागू दे.

बॅच क्रमांकाची गोष्ट निराळी. 17-4 ही संख्या नाही, ती खूण आहे. वाचक तिच्यानं काही मोजत नाही, बाटलीवरच्या छापाशी ताडून बघतो. ती तशीच ठेवायची. पण तशीच ठेवली तरी ती तशीच दिसेल याची खात्री नाही! अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो आणि संख्या मात्र डावीकडून उजवीकडे. या दोन दिशा सांभाळायचे नियम युनिकोडनं ठरवून दिलेत. अरबी अक्षरांनंतर आलेल्या दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ असली, तर ती आकड्यांचाच भाग धरली जाते आणि क्रम टिकतो. आडवी रेघ असली तर धरली जात नाही. मग 17 आणि 4 सुटे होतात, मजकुराच्या दिशेनं बसतात आणि पडद्यावर 4-17 दिसतं. हाच क्रमांक अरबी अक्षरांशिवाय एकटाच वेगळ्या रकान्यात असेल, तर 17-4 असा नीट दिसतो. म्हणून तपासणी फसवी ठरते. तक्त्यात बघितलं तर ठीक, वाक्यात मात्र उलटं.

उपाय आहे. क्रमांकाच्या आधी U+2066 आणि नंतर U+2069 ही न दिसणारी चिन्हं घालायची, म्हणजे तेवढा तुकडा डावीकडून उजवीकडे वेगळा ठेवला जातो. इंग्रजी आकड्यांना हे पुरतं. अरबी आकड्यांना पुरत नाही, कारण त्यांच्यामधली आडवी रेघ त्या कुंपणाच्या आतही दोन्ही बाजू उलटवते. खुणेचे आकडे अरबीत न आणण्याचं हे आणखी एक कारण.

वयाचा रकाना सोपा आहे. तिथे आडवी रेघ टाळावी आणि सहा ते बारा वर्षं असं शब्दानं जोडून लिहावं. मग आकडे कुठलेही चालतात.

आता उलटी वाट बघू, म्हणजे अरबी पानाचा फोटो आणि भाषांतर मराठीत किंवा इंग्रजीत. इथे आकडे निवडायच्या आधी ते नीट वाचले गेलेत का, हे बघावं लागतं. अरबी पाच गोल असतो, ٥ असा, आणि इंग्रजी शून्यासारखा दिसतो. अरबी सहा इंग्रजी सातासारखा. दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक, जो हललेल्या फोटोत पुसला जातो. शून्याचं टिंब तर कागदावरच्या डागात हरवतं, नाहीतर डागच शून्य होऊन बसतो. पंधराचे दीडशे व्हायला एक ठिपका पुरे.

हे ओळखायचं कसं? नुसतं अक्षराकडे बघून नाही. यादीला बेरीज असेल तर ती करून बघायची. अनुक्रमांक असतील तर ओळीनं वाढतात का, ते बघायचं. एकाच पानावर पाच गोल आणि इंग्रजी 0 असं मिसळून वाचलं गेलं असेल, तर बहुतेक वाचनच चुकलंय, कारण छापील पानाच्या एका तक्त्यात सहसा एकाच पद्धतीचे आकडे असतात. साल असेल तर त्याची लिपी बदलायची, दिनदर्शिका नाही: इराणी पानावरचं ۱۴۰۳ हे १४०३ च राहतं. ते २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, हे हवं तर टिपेत सांगावं. आणि बेरजेनंही निकाल लागत नसेल, तर मी अंदाजाचा आकडा एकटा लिहीत नाही. फोटोतला तेवढा तुकडा कापून आकड्याच्या शेजारी लावते आणि वाचकाला तो स्वतः बघू देते.