नव्वद दिवसांनी वही उघडली तेव्हा

(जळगावात छोट्या व्यावसायिकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मी वेबसाइट बनवून देतो. आज मात्र साइट कशी बनवायची ते सांगणार नाही. ती चालू केल्यावर तीन महिन्यांनी हिशेबाला कसं बसायचं, तेवढंच सांगतो. त्यासाठी रावेर तालुक्यातल्या एका केळी रोपवाटिकेचं उदाहरण घेतो. नाव सांगत नाही आणि आकडे मालकांच्या परवानगीने गोल केलेत.

केळीच्या जी-नाइन वाणाची टिशू कल्चर रोपं विकणारी ही रोपवाटिका. आखाजीच्या मुहूर्तावर साइट सुरू केली, म्हणजे मृग बागेच्या, पावसाळ्याच्या सुरुवातीला होणाऱ्या केळी लागवडीच्या तोंडावर. जून-जुलैत फोन थांबेनात. ऑगस्ट उजाडला आणि मालकांचा मला फोन आला, "भाऊ, आता कोणी विचारेना. साइट बंद तर नाही ना पडली?"

साइट चालू होती. मी म्हटलं, नव्वद दिवस होतच आलेत, तर एकदा बसू. तेही नव्वद नको, एक्क्याण्णव धरू. हा मुहूर्ताचा प्रकार नाही. एक्क्याण्णव म्हणजे बरोबर तेरा आठवडे. नव्वद धरले की एक वार कमी पडतो, आणि आपल्याकडे गावागावाच्या बाजाराच्या दिवशी फोन वेगळे येतात. आठवड्याशी आठवडा लावून पाहायचा असेल तर आठवडे पूर्ण हवेत.

बसलो, आणि पहिल्याच पायरीवर माझी चूक निघाली. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये Data retention नावाची एक सेटिंग असते, तपशीलवार माहिती किती दिवस साठवायची त्याची. मुळात ती दोन महिन्यांवर असते आणि आपण ती चौदा महिन्यांवर न्यायची असते. मी ती न्यायला विसरलो होतो. नेहमीचे तयार अहवाल दिसत होते, पण खोलात शिरून "या पानावरून आलेल्या माणसाने पुढे काय केलं" असं विचारायला गेलो, तर सुरुवातीचा महिना गायब. तो परत येत नाही. ज्यांची साइट नवी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तेवढं बघून घ्या.

आता ऑगस्टच्या शांततेकडे येऊ. साइटवरून तेरा आठवड्यांत 210 चौकश्या आल्या होत्या. पहिल्या नऊ आठवड्यांत 178 आणि शेवटच्या चारांत फक्त 32. नुसतं एवढं पाहिलं तर कोणीही घाबरेल. पण तुलना कशाशी करायची? मागच्या वर्षी साइट नव्हती. मात्र मालकांकडे बुकिंगची वही होती, लाल कापडी बांधणीची. तीत मागच्या वर्षीच्या त्याच तेरा आठवड्यांची 100 बुकिंगं निघाली. त्यातली शेवटच्या चार आठवड्यांतली किती? 12. म्हणजे साइट नव्हती तेव्हाही या दिवसांत शंभरातली बाराच यायची, आणि आता साइटवरच्या चौकश्यांतल्या शंभरातल्या पंधरा याच दिवसांतल्या. पडझड साइटची नव्हती, मृग बाग संपली होती. कांदे बागेची, म्हणजे केळीच्याच पुढच्या लागवडीची, विचारणा सुरू व्हायला अजून वेळ होता.

साइट सुरू झाली त्या हंगामात व्यवसायाचं चाक कसं फिरतं हे माहीत नसेल, तर तीन महिन्यांचा आलेख वाचूच नये. पहिल्या महिन्याची तिसऱ्या महिन्याशी तुलना केली असती, तर त्या दिवशी आम्ही साइटचं सगळं रूप बदलायला घेतलं असतं आणि पंचवीस-तीस हजार रुपये पाण्यात गेले असते.

पुढचा प्रश्न, चौकशी कशाला म्हणायचं? यावर आमचा बराच वाद झाला. मालकांच्या मुलाने प्रत्येक फोन आणि व्हॉट्सअॅपचा प्रत्येक "हॅलो" मोजला होता. त्यात "बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला?" असं विचारणारे होते. अंगणात दोन खोडं लावायची आहेत म्हणणारे होते, कॉलेजचा प्रकल्प करणारी पोरं होती. शेवटी एक साधी अट ठरवली. गाव कोणतं, किती खोडं लावायची आणि लागवड कधी, ही तिन्ही उत्तरं मिळाली तरच ती खरी चौकशी. 210 मधून गाळून 69 उरल्या.

तुम्ही विचाराल, कोणता फोन कुठून आला हे कसं कळलं? "आमचा नंबर कुठं मिळाला?" असं विचारलं की सगळे "मोबाइलवर" म्हणतात. म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी केल्या होत्या. साइटच्या प्रत्येक पानावरच्या व्हॉट्सअॅपच्या बटनात आधीच एक वाक्य भरून ठेवलं होतं, आणि माणूस जाहिरातीतून आला असेल तर ते वाक्य वेगळं. दुसरं, गूगल मॅपवरच्या आपल्या नोंदीत साइटचा जो पत्ता देतो, त्याला शेपूट लावलं होतं:

```
?utm_source=google&utm_medium=organic&utm_campaign=map
```

हे शेपूट नसेल तर मॅपवरून आलेली माणसं साध्या गूगल शोधातून आलेल्यांत मिसळून जातात आणि मॅप काही कामाचा आहे की नाही, ते कधीच कळत नाही. आणखी एक. फोन नंबरवर बोट लावलं की ते मोजलं जाईलच असं धरू नका. दुसऱ्या साइटवर नेणाऱ्या दुव्यावरचं बोट अॅनालिटिक्स आपोआप मोजतं, व्हॉट्सअॅपचा दुवा त्यात येतो. `tel:` चा दुवा येत नाही, त्याची मोजणी वेगळी बसवावी लागते. आणि नंबर बॅनरच्या चित्रातच छापलेला असेल, तर बोट लावायलाही काही नाही.

आता खर्च. साइट 36,000 रुपयांची. ती तीन वर्षं चालेल असं धरलं तर तेरा आठवड्यांच्या वाट्याला 3,000 येतात. नाव आणि होस्टिंग वर्षाला 4,800, त्याचे 1,200. हे 4,200 गिऱ्हाईक येण्याच्या सगळ्या वाटांच्या माथी सारखेच. वेगळा खर्च फक्त गूगलवरच्या जाहिरातीचा, रोज 200 प्रमाणे 18,200.

साइटवर एकूण 5,200 भेटी झाल्या, त्यातल्या 3,100 जाहिरातीतून. मालक खूश होते. जाहिरातीतून 118 चौकश्या आल्या होत्या, म्हणजे चौकशीमागे 154 रुपये. पण खऱ्या चौकश्या बघितल्या तर 21 निघाल्या. लगेच 154 चे 867 झाले. साध्या शोधातून 1,300 भेटींत 24 खऱ्या चौकश्या, म्हणजे शंभरात जवळपास दोन. जाहिरातीत दीडशेत एक. उरलेल्या 24 मॅपवरून आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या दुव्यावरून आल्या. आणि जाहिरातीतल्या त्या 97 बिनकामाच्या फोनांवर मुलाचे पाच-सहा तास गेले, ते कोणत्याच बिलात नव्हते.

बुकिंगं झाली 19. शोधातून सात, मॅपवरून पाच, व्हॉट्सअॅपवरून चार, जाहिरातीतून तीन. मालकांना रोपामागे दोन रुपये सुटतात आणि बुकिंग सरासरी तीन हजार खोडांचं. म्हणजे एका बुकिंगमागे 6,000. जाहिरातीचं एक बुकिंग पडलं 6,067 ला. नफा सगळा जाहिरातीने खाल्ला.

इथं मी मालकांना थांबवलं. तीन बुकिंगं म्हणजे फार लहान आकडा. चौथं झालं असतं तर तेच बुकिंग 4,550 ला पडलं असतं, आणि दोनच झाली असती तर 9,100 ला. एखाद्याच्या घरी लग्न निघालं आणि त्याने लागवड पुढे ढकलली, एवढ्याने आपला निर्णय फिरतो. अशा वेळी बुकिंगवरून निकाल लावू नये. खऱ्या चौकश्यांचा आकडा जरा मोठा असतो, त्यावर बोलावं, आणि त्या कमी का आहेत हे शोधावं.

शिवाय लाल वही पुन्हा उघडली. 19 पैकी सहा नावं त्यात आधीचीच होती, तीन मॅपवरची आणि तीन व्हॉट्सअॅपची. जुन्याच गिऱ्हाइकांनी नंबर हरवला म्हणून मॅपवर शोधला. ती बुकिंगं साइट नसती तरी आलीच असती. शोधातली सातही नवी होती. आजवर सगळ्यांत कमी लक्ष जिच्याकडे दिलं, ती वाट खरी निघाली.

कारणं शोधायला दोन ठिकाणी गेलो. जाहिरातीच्या खात्यात Search terms म्हणून एक यादी असते, लोकांनी काय टाइप केलं आणि आपली जाहिरात दिसली ती. त्यात "केळी भाव आज", "केळी चिप्स", "टिशू कल्चर माहिती पीडीएफ" यांची गर्दी होती. भाव, चिप्स, पीडीएफ, नोकरी हे शब्द वर्ज्य करून टाकले. तिथंच दुसरी एक गोष्ट सापडली. जागेची सेटिंग "इथं असलेले किंवा या जागेत रस असलेले" अशी होती, ती फक्त "इथं असलेले" अशी केली. अॅनालिटिक्समधल्या शहरांच्या यादीवर मात्र भरवसा ठेवला नाही. रावेरात बसलेला माणूस मोबाइलच्या इंटरनेटवर मुंबईचा दिसू शकतो. मालक मुंबईत जाहिरात वाढवायच्या विचारात होते!

दुसरं ठिकाण सर्च कन्सोल, गूगल शोधात आपली साइट कशासाठी आणि कितव्या जागी दिसते ते दाखवणारं. "एकरी केळी रोपं किती" या शोधात आपली साइट दिसत होती, पण खूप खाली, आणि कोणी उघडत नव्हतं. कारण आमच्याकडे ते पानच नव्हतं. खरं तर गणित चौथीतल्या पोराचं आहे. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पाच बाय पाचवर लावलं तर भागिले 25, म्हणजे 1,742 खोडं. पाच बाय सहावर 1,452. हे गणित करायला आलेला माणूस शेत आखूनच आलेला असतो. खोडांचा आकडा त्याच्या तोंडात तयार असतो, म्हणजे आमच्या तीन उत्तरांतलं एक त्याने आधीच दिलेलं असतं.

म्हणून पुढच्या तेरा आठवड्यांसाठी एवढंच ठरलं. एकरी खोडांचं पान लिहायचं, खाली व्हॉट्सअॅपचं बटन, त्यात गाव, खोडं आणि लागवडीची तारीख विचारणारं वाक्य भरलेलं. बाकी साइटला हात लावायचा नाही. रंग बदलायचा मालकांचा आग्रह होता, तो मी मोडला. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते पुढच्या वेळी सांगता येणार नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "मग जाहिरात बंदच का नाही केली?" ऑगस्टपुरती केली. कांदे बागेच्या बुकिंगसाठी सप्टेंबरचा एक महिना ती पुन्हा लावायची, 6,000 रुपयांची, वर्ज्य शब्दांसह. आणि निकाल आधीच वहीत लिहून ठेवला: बारा खऱ्या चौकश्या आल्या तर चालू, कमी आल्या तर बंद. बारा का, तर जाहिरातीतल्या सात खऱ्या चौकश्यांमागे एक बुकिंग होतं, त्या हिशेबाने एक खरी चौकशी साडेआठशेच्या आसपास मोलाची. तिच्यासाठी पाचशेच्या वर जायचं नाही, म्हणजे मालकांच्या हातात काही उरेल. मालकांनी खाली तारीख टाकून सही केली. नाहीतर महिनाअखेरीस दहा आल्या की "भाऊ, अजून पंधरा दिवस बघू" हे ठरलेलंच.