चुलीपाशी तडकलेला बैल

(दृश्य: पावसाची झड. पाटावर मातीचा बैल, मागचा एक पाय शेजारी पडलेला.)

आषाढ लागलाय, बेंदूर तोंडावर आलाय. या घरातल्या पोरानं ओढ्याकाठच्या काळ्या मातीचा बैल केला, कुणाची मदत न घेता. पण बाहेर उन्हाचा पत्ता नाही. बैल लवकर वाळावा म्हणून त्यानं तो रात्री चुलीपाशी ठेवला, आणि सकाळी पाय गळून पडला.

तडा कुठे गेलाय ते नीट बघा. माती वाळताना आक्रसते. पाय बारीक, त्यामुळे धगीनं ते आधी वाळले. पोट जाड, ते आतून ओलंच राहिलं. दोघांची ओढाताण झाली आणि बैल नेमका सांध्यावर तडकला.

पोरानं ओल्या मातीचा गोळा लावून पाय बसवला. संध्याकाळी तो पुन्हा सुटला. नवी माती वाळून आक्रसली, जुनी जागची हलली नाही.

“आज्जी, सगळाच पाण्यात टाकू का?”

“आत्ता नको रे. पोट ओलं हाय अजून, गाठी राहतील. पुरता वाळू दे, मग टाक.”

म्हणजे मोडायलासुद्धा थांबायचं.

(दृश्य: पाण्यानं भरलेलं घमेलं. बैल आत सोडला जातो.)

आता बोलत नाही, बघाच.

(थोडा वेळ फक्त पाण्याचा आवाज.)

वाळलेली माती पाणी शोषते, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. आधी कान गेले, मग शिंगं. पाठीचे पापुद्रे सुटले. पोरगा उकिडवा बसलाय, पाण्यात बोट घालत नाहीये. अंधार पडेपर्यंत तळाशी नुसता मऊ गाळ उरला, आणि त्यात एकही गाठ नाही.

वरचं पाणी अलगद ओतून गाळ गोणपाटावर पसरला. हाताला चिकटायचा थांबल्यावर त्यात पिंजलेला कापूस मळला. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात. या वेळी पाय जाड केले. जोडायच्या दोन्ही जागा काट्यानं ओरखडल्या, पातळ चिखल लावला आणि पाय दाबून बसवले. बाजारात रंगवलेले तयार बैल मिळतात. पण ते भाजलेले किंवा प्लास्टरचे असले, तर पाय मोडल्यावर असा पाण्यात घालून तो बैल पुन्हा करता येत नाही.

वर ओलं फडकं, त्यावर पालथी पाटी. दोन दिवसांनी फडकं काढलं, बैल सावलीतच ठेवला. चुलीकडे नेला नाही.

बेंदराला पाटावर त्याची पूजा झाली, पुरणपोळीचा घास दाखवला.

(दृश्य: पाटावर गेरूनं रंगवलेला बैल. कोपऱ्यात पालथी पाटी.)

जोडीतला दुसरा बैल मात्र अजून पाटीखाली आहे. पोरगा पाटी उचलतो, फडकं सारतो, बैलाच्या पोटाला गाल लावतो.

“गार लागतंय, आज्जी.”

आणि फडकं पुन्हा नीट पांघरतो.