अकरावा आहे का?

[दृश्य: सोलापूर एसटी स्टँड, पहाट. फलाटावर गाडी लागते आहे.]

अक्कलकोटची गाडी लागली की अण्णांच्या स्टॉलपुढे दोन मिनिटांची गर्दी होते. इथे पुस्तकाचं पूर्ण नाव कुणी सांगत नाही. "तलाठीचं नवीन आलंय का?" "मोठ्या अक्षरातलं द्या, आईला दिसत नाही." आणि श्रावणात दर पाच मिनिटांनी, "अण्णा, अकरावा आहे का?"

[दृश्य: अण्णांचा हात. न बघता डावीकडच्या गठ्ठ्यातून पातळ पुस्तिका निघते.]

अकरावा म्हणजे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. श्रीधरांची ही पोथी चौदा अध्यायांची, शके १६४० मधली. पण रोज वाचायला घराघरात असतो तो अकरावाच, म्हणून तेवढीच पुस्तिका वेगळी छापतात. अण्णांना हे समजावून सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक एक शब्द बोलतं, बाकीचं अण्णांच्या डोक्यात असतं.

[दृश्य: लाल कापडी बांधणीची वही. आडव्या ओळी, पेन्सिलीचं अक्षर.]

ही वही जरा जवळून बघा. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते इथे लिहायचं. जे विकलं जातं ते गल्ल्यात दिसतं. जे परत गेलं ते कुठेच दिसत नाही, म्हणून ही वही. दर रविवारी अण्णा ती घेऊन ठोक बाजारात जातात.

[दृश्य: घरातली खोली. लॅपटॉपपुढे भाची, शेजारी अण्णा.]

ऑनलाइन दुकान भाचीने उघडून दिलं. वितरकाकडून आलेली यादी तिने जशीच्या तशी चिकटवली. मुखपृष्ठांचे फोटो अण्णांनी स्वतः काढले, स्टँडवरच्या उजेडात. दुकान देखणं झालं होतं. महिनाभर कुणी फिरकलं नाही.

[दृश्य: पडदा जवळून. पुस्तकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची ओळ.]

```
f'koyhyke`r
```

हे 'शिवलीलामृत' आहे. यादी कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेली होती. त्या फाँटात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथे मराठी दिसतं, बाकी सगळीकडे हा कचरा. फोटोत नाव ठळक वाचता येत होतं, पण शोधताना आधी पाहिला जातो तो मजकूर, आणि पानावर मजकूर हाच होता. भाचीने यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं आणि कुठल्याही संगणकावर तसंच दिसतं. बदलताना जोडाक्षरं आणि रफार थोडे इकडेतिकडे झाले, ते अण्णांनी एकेक वाचून दुरुस्त केले. तीन रात्री गेल्या.

आमचं मत विचाराल तर मराठी पुस्तकाचं नाव मराठी अक्षरांत असणं ही दुकानदारीची पहिली पायरी आहे. ती चढायला इतका आटापिटा करावा लागतो, हे काही बरं नाही. असो.

[दृश्य: मोबाइलवर गूगल सर्च कन्सोलचा तक्ता. अण्णा चष्मा कपाळावर ढकलतात.]

मग हा तक्ता उघडला. लोकांनी गूगलमध्ये काय लिहिलं तेव्हा आपलं दुकान दिसलं, किती वेळा दिसलं आणि किती जण आत आले, ते इथे समजतं. अण्णांनी पहिली ओळ वाचली आणि खूश झाले. दुकान सगळ्यात जास्त वेळा दिसलं होतं ते या शब्दांवर:

```
shivlilamrut 11 adhyay pdf
```

आत आलेले मात्र शून्य. अण्णांना अर्थ लगेच लागला. "हा फुकट वाचणारा. आपल्याकडे उभ्या उभ्या पान चाळून गाडीत चढतात ना, त्यातला." ज्या ओळीत pdf किंवा download आहे ती त्यांनी बाजूला काढायला सांगितली. उरलेल्या ओळींमध्ये गिऱ्हाईक बसलेलं होतं: कुणी price लिहिलेलं, कुणी 'मोठे अक्षर'.

पण या तक्त्याला एक मर्यादा आहे. आपलं दुकान ज्या शोधात दिसलं, तेवढेच शब्द त्यात येतात, आणि फार विरळा लिहिले जाणारे शब्द गूगल त्यातून वगळतं. जिथे आपण दिसलोच नाही तिथला माणूस काय म्हणाला, ते त्यात कधीच येणार नाही. अण्णांनी नेमकं तेच विचारलं, "परत गेलेल्यांची वही कुठाय?"

[दृश्य: लाल वही लॅपटॉपशेजारी उघडी.]

तशी वही ऑनलाइन दुकानातच होती. दुकानाच्या स्वतःच्या शोधचौकटीत कुणी काही लिहिलं आणि 'काहीही सापडले नाही' असं उत्तर गेलं, की त्याची नोंद राहते. भाचीने ती यादी काढली. अण्णांनी ती पेन्सिलीने वहीत उतरवून घेतली, इंग्रजी अक्षरंसुद्धा.

```
shivlilamrut 11 adhyay
shiv leelamrut 11va
शिवलीलामृत अकरावा अध्याय
```

पुस्तिका तर दुकानात होती, 'शिवलीलामृत ११ वा अध्याय' या नावाने. अडलं ते आकड्यावर. अण्णांसाठी ११, 11 आणि अकरावा एकच. गूगलही बऱ्याचदा सांभाळून घेतं. छोट्या दुकानाची शोधचौकट मात्र अक्षराला अक्षर लावून बघते, तिच्यासाठी ही तीन वेगळी पुस्तकं. रोमनमध्ये लिहिणाऱ्याची तर तऱ्हाच निराळी: कुणी li लिहितो, कुणी lee. आणि हा लिहिणारा मराठी न येणारा नव्हे. पोथी मराठीतच वाचणार, पण मोबाइलवर बोटांना इंग्रजी कळफलकाची सवय.

[दृश्य: अण्णा बोलताहेत, भाची टाइप करते आहे.]

नावाची ओळ पुन्हा लिहिली गेली. आधी देवनागरी: 'शिवलीलामृत अकरावा अध्याय, मोठे अक्षर'. खाली वर्णनात साधी वाक्यं. अध्याय ११ वा, सुटी पुस्तिका, पूर्ण पोथी नाही. पूर्ण पोथी समजून मागवणारा पुढे भांडतो, म्हणून हे शेवटचं अण्णांनी आग्रहाने घालायला लावलं. त्याखाली रोमनमधली एकच ओळ. भाचीला वीस प्रकारची स्पेलिंगं ओतायची होती. अण्णा नको म्हणाले, "पाटीवर माणसाला वाचता येईल तेवढंच लिहावं." बाकीची स्पेलिंगं शोधचौकटीच्या समानार्थी शब्दांच्या यादीत गेली. ती गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, पण लावायचं काम करतात.

[दृश्य: सिद्धेश्वर मंदिर, श्रावणी सोमवार. तलावात दिव्यांचं प्रतिबिंब.]

श्रावणात ऑर्डरी आल्या. टपालखर्च, परत आलेली पार्सलं, तो हिशोब अजून जुळायचा आहे.

[दृश्य: स्टॉल, संध्याकाळ. कोपऱ्यात खाकी पाकिटं. अण्णांच्या मांडीवर वही.]

अण्णा आता दोन्हीकडचं एकाच वहीत लिहितात. डाव्या पानावर स्टँडचं, उजव्या पानावर मोबाइलचं. आम्ही शूटिंग आवरत होतो तेव्हा त्यांनी उजव्या पानावरची शेवटची ओळ दाखवली. पुस्तकाचं नाव नाही, पोथी नाही, अध्याय नाही, लिहिणाऱ्याने एकच शब्द लिहिला होता:

```
akrava
```

"हा आपल्या स्टँडवरचाच दिसतोय," अण्णा म्हणाले, आणि फलाटावर लागलेल्या गाडीकडे वळले.

[दृश्य: गाडीचा दरवाजा. उतरणारी माणसं. आवाज तसाच, पडदा काळा.]